सभागृहाचा निनादकाळ कसा काढावा, आणि आवाज येऊनही शब्द का लागत नाहीत

प्रश्न: "आमच्या संस्थेचे सभागृह २० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे. खाली फरशी, वर काँक्रीटचा स्लॅब, गिलावा केलेल्या भिंती, ४० चौरस मीटर काच आणि प्लॅस्टिकच्या २०० खुर्च्या. वक्त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत येतो, पण शब्द लागत नाहीत. मोठे स्पीकर लावले तरी तेच. आकारमान आणि शोषण यांवरून निनादकाळ कसा काढायचा, तो किती असावा आणि काय केले तर फरक पडेल?"

उत्तर:

आपण दिलेल्या मापांवरून हे सभागृह रिकामे असताना त्याचा निनादकाळ साडेसहा सेकंदांच्या पुढे जातो आणि निम्मे भरलेले असताना पावणेतीन सेकंदांच्या आसपास राहतो. एवढ्या आकारमानाच्या जागेत केवळ भाषण ऐकायचे असेल, तर तो १ सेकंदाच्या जवळ हवा. त्यासाठी सुमारे १५० चौरस मीटर चांगला ध्वनिशोषक लागेल, आणि तो कोठे बसवला यावर निम्मे यश अवलंबून राहील. मोठ्या स्पीकरांनी हा दोष जात नाही. तो का जात नाही हे पुढे हिशेबातूनच दिसेल.

निनादकाळ म्हणजे आवाजाचा उगम बंद झाल्यापासून जागेतील ध्वनीची पातळी ६० डेसिबेलने खाली येण्यास लागणारा वेळ. ध्वनी खोलीत एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर आदळत राहतो आणि प्रत्येक आदळण्याबरोबर त्याची थोडी ऊर्जा शोषली जाते. दोन आदळण्यांमधले सरासरी अंतर आकारमानाची चौपट भागिले एकूण पृष्ठफळ एवढे असते. आपल्या सभागृहाचे आकारमान १२०० घनमीटर आहे, तर छत, जमीन आणि भिंती मिळून पृष्ठफळ ८०० चौरस मीटर भरते. म्हणजे हे सरासरी अंतर ६ मीटर झाले, आणि सेकंदाला ३४३ मीटर जाणारा ध्वनी दर सेकंदाला सुमारे ५७ वेळा कोठेतरी आदळतो. आता प्रत्येक वेळी शेकडा साडेतीन टक्केच ऊर्जा जात असेल, तर सेकंदाभरात पातळी जेमतेम ९ डेसिबेलने उतरते आणि ६० डेसिबेल उतरायला साडेसहा सेकंद लागतात. सारे गणित या एवढ्या चित्रात आहे. आकारमान वाढले की आदळणे विरळ होते, शोषण वाढले की प्रत्येक आदळणे महाग पडते.

वॉलेस क्लेमेंट सॅबिन यांनी हे नाते १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात प्रयोगाने शोधले. त्या दालनातही वक्त्याचे बोलणे कळत नसे आणि ते रिकामे असताना निनाद साडेपाच सेकंदांच्या आसपास टिकत असे. सॅबिन रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून मांडत आणि ऑर्गनच्या नळीचा स्वर बंद केल्यावर तो किती वेळ ऐकू येतो हे मोजत. गाद्या वाढतील तसा काळ ठरावीक प्रमाणात घटत गेला. त्यातून निघालेले सूत्र मीटरमधल्या मापांसाठी असे लिहितात:

```
T = 0.161 × V / A
A = S1×α1 + S2×α2 + S3×α3 + ...
```

येथे T हा सेकंदांतील निनादकाळ, V हे घनमीटरमधील आकारमान आणि A हे एकूण शोषण. प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्रफळ S त्याच्या शोषणांकाने, म्हणजे α ने, गुणून ती बेरीज करायची. शोषणांक ० असेल तर सगळा ध्वनी परत येतो, १ असेल तर काहीच परत येत नाही. उघड्या खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही, म्हणून सॅबिन यांनी तिलाच माप मानले. त्यामुळे A म्हणजे आपल्या सभागृहातील सगळे पृष्ठभाग मिळून किती चौरस मीटर उघड्या खिडकीइतके शोषण करतात, असे समजले की आकडा डोळ्यांसमोर उभा राहतो.

शोषणांक कंप्रतेप्रमाणे बदलतो, म्हणून आता ५०० हर्ट्झ ही एकच कंप्रता धरून हिशेब करू. फरशी २४० चौरस मीटर आणि स्लॅब २४० चौरस मीटर, दोन्हींचा शोषणांक ०.०२ धरला तर प्रत्येकी ४.८ मिळतात. दारे सुमारे १० चौरस मीटर धरून काच आणि दारे वगळली, तर भिंती २७० चौरस मीटर उरतात आणि त्यांचे ५.४ होतात. साधी पातळ काच थोडी थरथरते, म्हणून तिचा शोषणांक ०.१८ धरता येतो आणि ४० चौरस मीटरचे ७.२ होतात. दारांचे ०.६ आणि रिकाम्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे प्रत्येकी ०.०३ प्रमाणे ६. एकूण शोषण २८.८ चौरस मीटर झाले. ८०० चौरस मीटरच्या पृष्ठफळात उघडी खिडकी जणू २९ चौरस मीटरच. १२०० ला ०.१६१ ने गुणले की १९३.२ येतात, त्याला २८.८ ने भागले की ६.७ सेकंद.

माणसे आली की चित्र बदलते. कठीण खुर्चीवर बसलेला एक माणूस या कंप्रतेला सुमारे ०.४५ चौरस मीटर शोषण देतो. कपडे आणि शरीर मिळून तो या सभागृहातला सर्वांत चांगला शोषक असतो. १०० माणसे बसली तर ४५ वाढतात आणि त्यांनी व्यापलेल्या खुर्च्यांचे ३ कमी होतात. एकूण ७०.८ होऊन निनादकाळ २.७ सेकंदांवर येतो. पूर्ण २०० माणसे बसली तर ११२.८ आणि १.७ सेकंद. गच्च भरलेल्या कार्यक्रमात ठीक ऐकू आले आणि चाळीस माणसांच्या सभेत काही कळले नाही, असा अनुभव आपल्याकडे येत असणारच. रिकाम्या सभागृहात तपासून घेतलेली ध्वनियंत्रणा कार्यक्रमात वेगळी वागते, त्याचेही कारण हेच आहे.

शब्द का बुडतात, हे पाहण्यासाठी 'काका' हा शब्द घेऊ. दोन 'का'ंच्या मध्ये जीभ मागे टाळूला टेकते आणि क्षणभर पूर्ण शांतता होते. ही शांतता साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी असते. ती शांतता आणि तिच्या शेवटी होणारा बारीक स्फोट, या दोहोंवरून आपला कान 'क' ओळखतो. पहिल्या 'आ'मध्ये भरपूर जोर असतो, व्यंजनाचा स्फोट त्याच्यापेक्षा १० ते २० डेसिबेलने हलका असू शकतो. निनादकाळ २.७ सेकंद असेल तर पातळी सेकंदाला २२ डेसिबेल उतरते, म्हणजे त्या शांततेच्या काळात जेमतेम २ डेसिबेल. शांतता भरून जाते आणि मागच्या 'आ'च्या शेपटीखाली 'क' गाडला जातो. मागच्या रांगेतला श्रोता 'काका', 'काटा' आणि 'कापा' यांत फरक करू शकत नाही, आणि वाक्याच्या संदर्भाने अंदाज बांधत राहतो. ओळखीच्या विषयावर हा अंदाज चालून जातो. नावे, आकडे आणि नवे पारिभाषिक शब्द आले की तो कोसळतो. निनादकाळ १ सेकंद असेल तर त्याच दहाव्या भागात ६ डेसिबेल आणि एका अक्षराच्या कालावधीत, म्हणजे सुमारे पंचमांश सेकंदात, १२ डेसिबेल उतरतात. व्यंजनाला डोके वर काढायला जागा मिळते.

मात्र निनादातील सगळाच भाग शत्रू नसतो. थेट आलेल्या ध्वनीनंतर साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचलेली परावर्तने कान मूळ आवाजातच मिसळून घेतो आणि ती बोलण्याला बळ देतात. त्यानंतर येणारी ऊर्जा पुढच्या अक्षरावर पडते. म्हणून निनादातील किती वाटा पहिल्या ५० मिलिसेकंदांत येतो, हा स्पष्टतेचा चांगला निर्देशक आहे. ध्वनी एकसारखा विरत आहे असे धरले तर २.७ सेकंदांच्या जागेत हा वाटा शेकडा २२ च्या आसपास असतो, १ सेकंदाच्या जागेत शेकडा ५०. त्यामुळे १ सेकंद ही सीमा माझ्या मते नुसती सवयीची नाही. तेथे उपयोगी आणि अपायकारक भाग समसमान होतात आणि वक्त्याचा थेट आवाज पारडे आपल्या बाजूला झुकवतो.

आता स्पीकरचा प्रश्न. वक्त्याजवळ थेट आवाज प्रबळ असतो, दूर गेल्यावर निनाद प्रबळ होतो. दोन्ही समान होतात ते अंतर, तोंडाची पुढच्या बाजूची दिशात्मकता धरून, आपल्या निम्म्या भरलेल्या सभागृहात सुमारे पावणेदोन मीटर निघते. म्हणजे पहिल्या रांगेपासून मागचे सगळेजण निनादाच्या राज्यात बसलेले आहेत. आवाज दुप्पट केला की थेट आवाज वाढतो आणि निनादही तितकाच वाढतो, दोहोंचे प्रमाण तसूभर हलत नाही. मोठ्या स्पीकरने कोलाहलाच्या वर येता येते, घुमण्याच्या वर येता येत नाही. श्रोत्यांच्याच दिशेने अरुंद झोत टाकणारा उभा स्तंभस्पीकर हे अंतर दुप्पट किंवा अधिक करतो, म्हणून त्याचा उपयोग आहे, पण तो शोषणानंतरचा उपाय आहे. शोषण न करता त्यावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लागणारे शोषण आता सरळ काढता येते. निम्मे भरलेले असताना १ सेकंद हवा, तर A १९३ हवा. सध्या ७०.८ आहे, म्हणजे १२२ कमी पडतात. ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूलचे तक्ते, मागे ५० मिलिमीटर किंवा अधिक हवेची पोकळी ठेवून आणि वर हवा जाऊ देणारे कापड लावून बसवले, तर ५०० हर्ट्झला ०.८५ शोषणांक बेताने धरता येतो. ज्या पृष्ठभागावर ते बसतात त्याचे ०.०२ वजा केले की प्रत्येक चौरस मीटरमागे ०.८३ ची निव्वळ भर पडते. १५० चौरस मीटरचे १२४.५ होतात, आणि निनादकाळ ०.९९ सेकंदांवर येतो. त्यानंतर पूर्ण भरलेल्या सभागृहात तो ०.८ आणि रिकाम्यात १.२६ राहील. आधी ६.७ ते १.७ असा हेलकावा होता, तो आता अर्ध्या सेकंदाच्या आत आला. श्रोत्यांच्या संख्येवरचे हे अवलंबून राहणे संपणे, हा मला निनाद कमी होण्याइतकाच मोठा लाभ वाटतो.

येथे सूत्राची मर्यादा सांगितली पाहिजे, कारण सर्वांत जास्त फसगत तिच्यामुळे होते. सूत्र असे गृहीत धरते की ध्वनी सर्व दिशांना सारखा पसरलेला आहे आणि प्रत्येक किरण लवकर किंवा उशिरा शोषकाकडे जातोच. मी सुरुवातीच्या काळात अशाच एका लांबट सभागृहाचे सगळे शोषण छतावर बसवू दिले. हिशेब १ सेकंदाचा होता, मोजणीत पावणेदोन निघाले. छत शोषत होते, खाली माणसे शोषत होती, पण समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आडवा फिरणारा ध्वनी दोघांनाही चुकवून येरझारा घालत राहिला. मध्यभागी उभे राहून टाळी वाजवली की पत्त्यांचा गठ्ठा फडफडावा तसा तर्र्र आवाज येत असे, आणि मोजणीच्या आलेखात उतार आधी तीव्र आणि मग मंद असा मोडलेला दिसत होता. भिंतींवर थोडे तक्ते गेल्यावरच ते सुधारले. हेच कारण उलट्या दिशेनेही लक्षात ठेवावे. शोषण सगळीकडे समान विभागलेले असले आणि सरासरी शोषणांक ०.२ च्या पुढे गेला, तर सॅबिनचे सूत्र काळ थोडा जास्त दाखवते. १९३० मध्ये कार्ल आयरिंग यांनी दिलेल्या सुधारित सूत्राने आपल्या बाबतीत ०.९९ ऐवजी ०.८६ येतात. प्रत्यक्षात असमान मांडणीमुळे आकडा वर सरकतो, म्हणून मी आयरिंगच्या भरवशावर तक्ते कमी करत नाही.

म्हणून १५० चौरस मीटर एका जागी नकोत. मागच्या भिंतीवर, कानाच्या उंचीपासून वर, ३५ चौरस मीटर लावावेत. तेथून परत येणारा आवाज पुढच्या भिंतीपासून तिसऱ्या मीटरवर बसलेल्या श्रोत्यापर्यंत थेट आवाजानंतर ३४ मीटर जास्त चालून, म्हणजे शंभर मिलिसेकंदांनी उशिरा पोहोचतो. इतका उशीर झालेला आवाज स्वतंत्र प्रतिध्वनी म्हणून ऐकू येतो, आणि वक्त्यालाही स्वतःचे बोलणे परत ऐकून अडखळायला होते. दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या मागच्या निम्म्या भागात २५ चौरस मीटर तुकड्यातुकड्यांनी असे लावावेत, की उघड्या तुकड्यासमोर उघडा तुकडा येणार नाही. उरलेले ९० छताच्या कडांना आणि मागच्या भागाला द्यावेत. छताचा पुढचा मधला पट्टा मात्र उघडा ठेवावा. वक्त्याचे तोंड १.६ मीटरवर आणि १२ मीटर दूर बसलेल्या श्रोत्याचा कान १.२ मीटरवर धरला, तर वक्त्यापासून पावणेसहा मीटरवर छतावर आदळलेला आवाज थेट आवाजापेक्षा अवघा २ मीटर जास्त चालतो आणि ६ मिलिसेकंदांत पोहोचतो. मागच्या रांगेला मिळणारी ती फुकटची मदत आहे. संपूर्ण छत शोषकाने झाकणारे सभागृह शांत होते, पण मागे बसलेल्यांना वक्ता दूर गेल्यासारखा वाटतो.

साहित्याबाबत दोन गोष्टींवर जोर देतो. पहिली, मंद्र कंप्रतांचा हिशेब वेगळा करावा. २५ मिलिमीटरचा फोम भिंतीला थेट चिकटवला तर तो २००० हर्ट्झला उत्तम शोषतो, पण १२५ हर्ट्झला जवळपास काहीच शोषत नाही. सभागृह कोरडे वाटते, तरी पुरुषी आवाजाचा घुमारा तसाच राहतो, आणि खालचे स्वर वरच्या व्यंजनांना झाकतात म्हणून स्पष्टता अपेक्षेइतकी सुधारत नाही. जाडी आणि मागची पोकळी याचसाठी हवी. फोम वापरायचाच असेल, तर आगीबाबतचे त्याचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय वापरू नये. दुसरी, शोषकात हवा शिरली पाहिजे. थर्माकोल, अंड्यांचे ट्रे आणि सपाट जिप्समचे फॉल्स सीलिंग या कंप्रतेला नावापुरते शोषतात. साध्या जिप्समचा शोषणांक ५०० हर्ट्झला ०.०५ च्या घरात असतो. कापडाला तोंड लावून फुंकर मारावी, ती पलीकडे जात नसेल तर ध्वनीही जाणार नाही. छिद्रांच्या तक्त्यांवर पुढे कोणी रंगाचा जाड हात मारला की छिद्रे बुजतात आणि केलेले काम वाया जाते. हे रंगकाम करणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे.

काम करण्यापूर्वी आणि नंतर मोजणी करावी. रिकाम्या सभागृहात मोठा फुगा टाचणीने फोडावा आणि ध्वनिमुद्रण करावे. फोनवर करायचे तर आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय बंद असली पाहिजे, नाहीतर शेपूट खोटे लांब दिसते. पूर्ण ६० डेसिबेलचा उतार क्वचितच मिळतो, कारण खाली पंखे आणि रस्त्याचा आवाज असतो. म्हणून पातळी ५ डेसिबेल उतरल्यापासून २५ डेसिबेल उतरेपर्यंतचा वेळ मोजून त्याची तिप्पट करतात. तीन-चार ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी, आणि १२५, ५००, २००० हर्ट्झला वेगवेगळी पाहावी. ५०० हर्ट्झला आज साडेसहाऐवजी पाच सेकंद निघाले तर घाबरू नये. पडदे किंवा मंच यांचे शोषण मी धरलेले नाही. मोजलेल्या काळावरून A उलट काढावे आणि कमी पडणारे क्षेत्रफळ त्यावरून ठरवावे.

शेवटची कसोटी कानांचीच घ्यावी. एकाने मंचावर तोंड कागदाने झाकून, एकमेकांशी संबंध नसलेले पन्नास शब्द सारख्या वेगाने वाचावेत. 'पाट', 'पाठ', 'वाट', 'वाफ', 'काटा', 'कापा' असे एकाच व्यंजनाने वेगळे होणारे शब्द निवडावेत. पाच-सहा जणांनी मागच्या रांगेत विखरून बसून ते लिहावेत. तक्ते बसवण्यापूर्वीचे कागद जपून ठेवावेत आणि नंतर तेच शब्द क्रम बदलून पुन्हा वाचावेत. चुका कोणत्या व्यंजनांवर होतात ते पाहिले की दोष कोठे आहे हेही कळते. 'स', 'श' आणि 'फ' चुकत असतील, तर बहुधा पंख्यांचा आवाज किंवा उच्च कंप्रतांची कमतरता आड येते. शब्दाच्या मधले आणि शेवटचे 'क', 'ट', 'प' चुकत असतील, तर निनाद अजून उरलेला आहे आणि भिंतींकडे परत जावे लागेल.